चौरसात सारखी वर्तुळे बसवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्र्यातून चकत्या कापणारे, खोक्यात डबे रचणारे आणि गणिताचा गृहपाठ करणारे यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे वर्तुळे एकाच मापाची धरली आहेत. «गुणोत्तर» म्हणजे चौरसाची बाजू भागिले वर्तुळाचा व्यास. बाजू ८०० मिमी आणि व्यास १०० मिमी असेल, तर गुणोत्तर ८. फट आणि काठ सोडायचा असेल तर हे गुणोत्तर थोडे बदलते, ते प्रश्न ६ मध्ये आहे. तोवर वर्तुळे एकमेकांना आणि चौरसाच्या कडांना टेकलेली आहेत असे समजा.

१. सरळ रांगांत वर्तुळे मांडली तर नेमके किती वाया जाते?

२१.४६ टक्के. प्रत्येक वर्तुळाभोवती त्याला चारही बाजूंनी टेकणारा चौरस काढा. त्या चौरसाचे क्षेत्रफळ व्यासाचा वर्ग, आणि वर्तुळाचे π/४ गुणिले व्यासाचा वर्ग. म्हणजे वर्तुळ ७८.५४ टक्के जागा घेते आणि उरलेली चार कोपऱ्यांत जाते. गुणोत्तर पूर्णांक असेल तर संपूर्ण पत्रा अशा चौरसांनी तंतोतंत भरतो, त्यामुळे एका चौरसाचा हिशेब तोच पूर्ण पत्र्याचा हिशेब. गुणोत्तर पूर्णांक नसेल तर कडेची पट्टी वेगळी वाया जाते.

२. षट्कोनी मांडणीत कचरा कमी का होतो?

षट्कोनी मांडणीत दुसरी रांग अर्ध्या व्यासाने सरकवून पहिल्या रांगेच्या खाचांत बसवतात. त्यामुळे दोन रांगांच्या मध्यरेषांमधले अंतर पूर्ण व्यासाऐवजी व्यासाच्या ०.८६६० पट (√३/२) होते. प्रत्येक वर्तुळाच्या वाट्याला आता चौरस नव्हे, नियमित षट्कोन येतो. त्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या ०.८६६० पट, आणि त्यातले ९०.६९ टक्के वर्तुळ व्यापते. कचरा उरतो ९.३१ टक्के, म्हणजे सरळ मांडणीच्या निम्म्याहूनही कमी.

अमर्याद पसरलेल्या पृष्ठभागावर याहून दाट मांडणी नाही. नियमित जाळ्यांपुरते हे लाग्रांज यांनी १७७३ मध्ये दाखवले. कोणतीही वेडीवाकडी मांडणी घेतली तरी ती यापेक्षा दाट होत नाही, हे सिद्ध करायला एक्सेल थ्यू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरुवात केली आणि लास्लो फेयेश तोथ यांनी १९४० च्या दशकात निर्दोष सिद्धता दिली. मात्र चौरसाला कडा असतात आणि पुढचे बहुतेक प्रश्न त्या कडांमुळेच उभे राहतात.

३. म्हणजे षट्कोनी मांडणीने नेहमी १५ टक्के वर्तुळे जास्त मिळतात ना?

नाही. सर्वाधिक गैरसमज याच आकड्याभोवती आहे. १ भागिले ०.८६६० म्हणजे १.१५४७, म्हणून अमर्याद पृष्ठभागावर १५.४७ टक्के वर्तुळे जास्त बसतात हे खरे. चौरसात मात्र एकाआड एक रांगेत एक वर्तुळ कमी बसते, कारण सरकवलेल्या रांगेच्या दोन्ही टोकांना अर्ध्या व्यासाची जागा रिकामी राहते. शिवाय वरच्या कडेला उरणारी पट्टी बहुधा एका रांगेला पुरत नाही.

| गुणोत्तर | सरळ मांडणी | षट्कोनी मांडणी |
|---|---|---|
| ५ | २५ | २३ |
| ६ | ३६ | ३३ |
| ७ | ४९ | ४६ |
| ८ | ६४ | ६८ |
| ९ | ८१ | ८५ |
| १० | १०० | १०५ |
| २० | ४०० | ४२९ |
| ५० | २५०० | २८२२ |
| १०० | १०,००० | ११,४४३ |

पूर्णांक गुणोत्तरांत ७ पर्यंत षट्कोनी मांडणी चक्क तोट्याची आहे. ८ वर ती पहिल्यांदा पुढे जाते. तिथे ८ ऐवजी ९ रांगा बसतात आणि उंची लागते ७.९२८, म्हणजे ८ मध्ये जेमतेम मावते. १०० वर्तुळांच्या पत्र्यावर फायदा फक्त ५ टक्के, २५०० च्या पत्र्यावर सुमारे १३ टक्के, आणि दहा हजारांवरही १४.४ टक्केच. १५.४७ हा आकडा जवळ येतो, पण हाती लागत नाही.

४. वर्तुळे लहान केली तर कचरा कमी होईल का?

सरळ मांडणीत अजिबात नाही. गुणोत्तर पूर्णांक असेल तर एक मोठे वर्तुळ कापा की दहा हजार बारीक वर्तुळे कापा, कचरा २१.४६ टक्केच. वर्तुळे लहान होतात तसे कोपऱ्यांतले तुकडेही लहान होतात, पण तेवढेच वाढतात.

षट्कोनी मांडणीत मात्र फरक पडतो, कारण तिथे कडांवरचे नुकसान वेगळे असते आणि वर्तुळे लहान झाली की त्याचे प्रमाण घटते. गुणोत्तर ८ ला १६.५५ टक्के वाया जाते, ५० ला ११.३ टक्के, १०० ला १०.१ टक्के. अर्थात प्रत्यक्ष कापताना दोन वर्तुळांमध्ये फट सोडावी लागते. वर्तुळ जितके लहान, तितकी ती फट महाग पडते. त्यामुळे खऱ्या पत्र्यावर वर्तुळे बारीक करत गेल्यास एका मर्यादेनंतर कचरा पुन्हा वाढू लागतो.

५. माझ्या मापात किती बसतील ते कसे मोजायचे?

आधी रांगा मोजा. गुणोत्तरातून १ वजा करा, त्याला ०.८६६० ने भागा, अपूर्णांक टाकून द्या आणि १ मिळवा. १ वजा करण्याचे कारण असे की पहिल्या रांगेच्या खालची अर्धी आणि शेवटच्या रांगेच्या वरची अर्धी जागा कुठल्याच दोन रांगांच्या मधली नसते. ही पायरी विसरून थेट भागाकार केला की एक-दोन रांगा जास्त दिसतात आणि काम सुरू झाल्यावर शेवटची रांग पत्र्याबाहेर जाते.

मग रांगेतली वर्तुळे: गुणोत्तराचा पूर्णांक भाग. त्याचा अपूर्णांक भाग ०.५ किंवा जास्त असेल तर सगळ्या रांगा पूर्ण बसतात. कमी असेल तर एकाआड एक रांगेत एक वर्तुळ वजा. गुणोत्तर १० साठी: ९ ÷ ०.८६६० = १०.३९, म्हणून ११ रांगा. सहा रांगांत १० आणि पाच रांगांत ९, एकूण १०५.

हेच संगणकावर करायचे असेल तर खालचे फंक्शन पुरेसे आहे. त्यात प्रश्न ७ मधली मिश्र मांडणीही धरली आहे.

```python
from math import sqrt, floor

def count(s):
    e, h = 1e-9, sqrt(3)/2
    k = floor(s + e)
    rows = floor((s-1)/h + e) + 1
    if s - k >= 0.5 - e:
        return rows * k
    spare = s - 1 - (rows-1)*h
    q = min(rows-1, floor(spare/(1-h) + e))
    return rows*k - (rows-q)//2
```

`e` ही बारीक रक्कम मुद्दाम मिळवली आहे. ती नसेल तर दशांशातल्या चुकीमुळे गुणोत्तर ७ सारख्या काठावरच्या मापांत एक वर्तुळ नाहीसे होऊ शकते.

६. कापताना फट सोडावी लागते. ती हिशेबात कशी धरायची?

फट आणि काठ धरून नवे गुणोत्तर काढायचे. त्यानंतरची सगळी रीत तीच:

गुणोत्तर = (बाजू − व्यास − २ × काठ) ÷ (व्यास + फट) + १

यामागचा विचार साधा आहे. वर्तुळांचे मध्यबिंदू ज्या आतल्या चौरसात राहू शकतात त्याची बाजू म्हणजे पहिला कंस, आणि दोन मध्यबिंदूंमधले किमान अंतर म्हणजे दुसरा कंस. अनेकजण व्यासात फट मिळवून थेट बाजूला भागतात. त्यात शेवटच्या वर्तुळानंतरही एक फट धरली जाते आणि काठ विसरला जातो. या दोन चुका एकमेकींना कधी झाकतात, कधी नाही.

पंचाने पत्रा कापताना फट साधारण पत्र्याच्या जाडीइतकी ते दीडपट ठेवतात. फट त्याहून अरुंद ठेवली की मधली पट्टी ताणली जाते, वाकते किंवा पंचाबरोबर खाली ओढली जाते आणि चकतीची कड खरखरीत होते. लेझरने कापताना प्रश्न उष्णतेचा असतो: फार अरुंद पट्टी तापून वाकडी होते.

उदाहरण घेऊ. ५०० × ५०० मिमीचा पत्रा, ४८ मिमी व्यासाच्या चकत्या, फट २ मिमी, काठ १ मिमी. (५०० − ४८ − २) ÷ ५० + १ = १०. गुणोत्तर बरोबर १० आले. सरळ मांडणीत १०० चकत्या आणि कचरा २७.६ टक्के. षट्कोनीत १०५ आणि कचरा २४.० टक्के. २१.४६ आणि ९.३१ हे पुस्तकातले आकडे प्रत्यक्षात का दिसत नाहीत, ते इथे कळते.

७. १० × १० च्या चौरसात १०६ वर्तुळे बसतात असे ऐकले. वरच्या हिशेबात तर १०५ येतात?

दोन्ही बरोबर. १०५ हे शुद्ध षट्कोनी मांडणीचे उत्तर. त्या मांडणीत ११ रांगांना ९.६६० एवढीच उंची लागते, म्हणून ०.३४० उरते. ती एका रांगेला पुरत नाही, पण वाया घालवायचीही गरज नाही.

दोन रांगा खाचेत न बसवता सरळ एकावर एक ठेवल्या, तर त्यांच्यातले अंतर ०.८६६ ऐवजी १ होते, म्हणजे ०.१३४ जास्त लागते. ०.३४० मध्ये असे दोन जोड मावतात. सरळ जोडाचा लाभ हा की दोन्ही रांगा दहाच्या ठेवता येतात. एक जोड तळाशी आणि एक वरती ठेवला की रांगा अशा येतात: १०, १०, ९, १०, ९, १०, ९, १०, ९, १०, १०. दहाच्या सात आणि नऊच्या चार रांगा, एकूण १०६. उंची लागली ९.९२८.

जोड मध्ये कुठेही ठेवला तरी चालतो, पण तो दहाच्या दोन रांगांमध्येच हवा. नऊच्या दोन रांगा सरळ जोडल्या तर उंचीही गेली आणि वर्तुळही गेले. याच युक्तीने गुणोत्तर ९ ला ८५ ऐवजी ८६ मिळतात. ८ ला मात्र उरलेली उंची ०.०७२, त्यात एकही जोड बसत नाही, म्हणून तिथे ६८ च.

प्रश्न ६ मधल्या पत्र्यावर १०६ चकत्या आखायच्या तर पहिल्या रांगेची मध्यरेषा तळापासून २५ मिमीवर आणि दुसरी ७५ वर घ्या. पुढे आठ वेळा ४३.३ मिमी चढा, शेवटी एकदा ५० मिमी. शेवटची रेषा ४७१.४ वर येते, मर्यादा ४७५ ची आहे. हे उरलेले ३.६ मिमी आठ अंतरांत वाटून प्रत्येक पायरी ४३.७ केली तर शेवटची रेषा ४७४.६ वर जाते आणि तिरकी फट २ ऐवजी २.३५ मिमी होते. ते जास्त बरे. दहाच्या रांगेत मध्यबिंदू २५, ७५, … ४७५ वर आणि नऊच्या रांगेत ५०, १००, … ४५० वर. सोयीसाठी ४३.३ चे ४३ करू नका: आठ पायऱ्यांत बचत दिसते, पण तिरकी फट १.७४ मिमीवर येते आणि ती कुठे कमी झाली हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कचरा आता २३.३ टक्के.

८. बाजू व्यासाच्या पूर्ण पटीत नसेल तर?

तर षट्कोनी मांडणी बऱ्याच लवकर जिंकते. गुणोत्तर ३.६ घ्या. सरळ मांडणीत ३ × ३ = ९ बसतात आणि दोन कडांना रुंद पट्ट्या उरतात. षट्कोनीत अपूर्णांक ०.५ च्या वर असल्याने प्रत्येक रांगेत ३ बसतात, आणि चार रांगांना ३.५९८ उंची लागते. एकूण १२. म्हणजे ३३ टक्के जास्त, तेही अगदी छोट्या चौरसात. पत्र्याचे माप ठरवण्याची मोकळीक असेल तर पूर्णांकांपेक्षा असे «साडे»च्या आसपासचे गुणोत्तर आधी तपासून पाहावे.

९. एक रांग अगदी थोड्यासाठी बसत नाही. काही करता येईल?

रुंदीत जागा शिल्लक असेल तर येते. समजा व्यास १०० मिमी, बाजू ६१५ मिमी, फट शून्य. सरळ मांडणीत ३६ बसतात. ६, ५, ६, ५, ६, ५, ६ अशा सात रांगांत ३९ बसले असते, पण त्यांना ६१९.६ मिमी उंची हवी. साडेचार मिमीसाठी रांग जाते. रुंदीत मात्र १५ मिमी मोकळे आहेत.

मग रांगेतली वर्तुळे एकमेकांपासून ३ मिमी सरकवा, म्हणजे मध्यबिंदूंतले अंतर १०३ मिमी करा. खाच रुंद झाली की वरची रांग तिच्यात अधिक खोल बसते आणि रांगांतले अंतर ८६.६ वरून ८५.८ मिमीवर येते. सहा अंतरे मिळून ५१४.८, त्यात व्यास मिळवला की ६१४.८ मिमी. बसल्या ३९. पडताळा: ५१.५ आणि ८५.८ यांचा कर्ण १००.०७ येतो, म्हणजे वर्तुळे एकमेकांवर चढत नाहीत. रांगेतली वर्तुळे आता शेजाऱ्याला टेकत नाहीत, फक्त वरच्या-खालच्या रांगांना टेकतात. प्रश्न ५ मधले फंक्शन ही ताणलेली मांडणी पाहत नाही, ती वेगळी तपासावी लागते.

१०. ७ × ७ मध्ये ४९ वर्तुळे सरळ बसतात. याहून चांगली मांडणी असूच शकत नाही ना?

असते, आणि हा अपवाद भल्याभल्यांना पटत नाही. १, ४, ९, १६, २५ आणि ३६ वर्तुळांसाठी सरळ मांडणीच सर्वोत्तम आहे. ३६ ची सिद्धता किर्खनर आणि वेन्गेरोट यांनी १९८७ मध्ये दिली. ४९ ला हा क्रम तुटतो. १९९७ मध्ये नुर्मेला आणि ऑस्टरगार्ड यांनी ४९ वर्तुळांची अशी मांडणी दाखवली जी ७ पेक्षा किंचित लहान चौरसात, सुमारे ६.९७४ बाजूच्या, मावते. ती दिसायला ओबडधोबड आहे, सलग रांगा नाहीत.

कारखान्यात याचा उपयोग जवळजवळ नाही. १०० मिमीच्या चकत्यांसाठी ७०० ऐवजी ६९७.४ मिमीचा पत्रा कोणी मागवत नाही, आणि वेड्यावाकड्या मध्यबिंदूंची आखणी हाताने करणे अवघड.

११. मला फक्त ५, ७ किंवा १० वर्तुळे हवी आहेत. सरळ की षट्कोनी?

बहुतेक वेळा दोन्ही नाहीत. ५ साठी सर्वोत्तम मांडणी फाशावरच्या पाचासारखी: चार कोपऱ्यांत चार, एक मध्यभागी. बाजू लागते व्यासाच्या २.४१४ पट. सरळ रांगांचा हट्ट धरला तर पाचव्या वर्तुळासाठी ३ पट लागली असती. ७ च्या सर्वोत्तम मांडणीत एक वर्तुळ कशालाच अडकलेले नसते. ते आपल्या कप्प्यात सैल हलते, पण काढून टाकले तरी बाकीची सहा आपल्या जागी घट्टच राहतात. १० ची मांडणी अनियमित आहे, बाजू सुमारे ३.३७४ पट. तीस वर्तुळांपर्यंतच्या सर्वोत्तम मांडण्या संगणकाच्या मदतीने सिद्ध झाल्या आहेत. त्यापुढच्या बहुतेक संख्यांसाठी «आजवर सापडलेली सर्वांत चांगली» एवढेच म्हणता येते.

१२. मधल्या भोकांतून लहान चकत्या काढल्या तर कोणती मांडणी बरी?

इथे निकाल उलटू शकतो. सरळ मांडणीत चार वर्तुळांमधल्या जागेत व्यासाच्या ०.४१४ पट वर्तुळ बसते. षट्कोनीत तीन वर्तुळांमधल्या जागेत फक्त ०.१५५ पट. नुसता भूमितीचा हिशेब पाहिला तर लहान वर्तुळे भरल्यावर सरळ मांडणी ९२.०२ टक्के जागा वापरते आणि षट्कोनी ९५.०३ टक्के, म्हणजे षट्कोनी तरीही पुढे.

पण ४८ मिमीच्या चकत्यांच्या त्या पत्र्यावर २ मिमी फट राखून षट्कोनीच्या भोकातून जेमतेम ५.७ मिमीची टिकली निघते. तिला गिऱ्हाईक नाही. सरळ मांडणीच्या भोकातून १८.७ मिमीची चकती निघते, वॉशरला चालण्याजोगी, आणि अशी भोके ८१ असतात. १०० मोठ्या आणि ८१ लहान मिळून कचरा १८.७ टक्क्यांवर येतो, १०६ च्या मिश्र मांडणीपेक्षाही कमी. लहान चकतीला मागणी असेल तरच हा हिशेब खरा, नाहीतर सहा मोठ्या चकत्या हकनाक गेल्या.

१३. खोक्यात डबे रचताना षट्कोनी मांडणी का टाळतात?

दोन कारणे. एक म्हणजे खोक्यात डबे थोडे असतात, एका बाजूला चार-सहा. प्रश्न ३ चा तक्ता पाहा, त्या मापांत फायदाच नाही. दुसरे म्हणजे कमी डब्यांच्या रांगेला दोन्ही टोकांना अर्ध्या डब्याची पोकळी राहते. वाहतुकीत ती रांग सरकते, डबे खाचेतून निघतात आणि खोक्याची भिंत फुगते. पोकळीत पुठ्ठ्याचा ठोकळा घालावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. खोके आयताकृती असेल तर रांगा लांब बाजूला आणि आखूड बाजूला अशा दोन्ही तऱ्हांनी मोजून पाहा. चौरसात दोन्ही सारख्याच, आयतात बहुधा नसतात.

१४. पुऱ्या वाटीने कापताना हे सगळे लागू होते का?

भूमिती तीच, हिशेब वेगळा. पुरीची कातरण पुन्हा मळून लाटता येते, त्यामुळे पीठ वाया जात नाही, फक्त मेहनत वाढते. तरी दुसऱ्या रांगेची वाटी पहिल्या रांगेच्या खाचेत टेकवली तर एका लाटीत एखादी पुरी वाढते. कातरणच नको असेल तर शंकरपाळे करावेत: चौकटी कडेला कड लावून बसतात, मध्ये काही उरत नाही.